रविवारी रात्री आलेला जास्वंदीचा फोटो आणि आठ रेषा

ऐरोलीत मी सहावी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. रविवारी रात्री साडेनऊनंतर फोन वाजला की काय असणार हे आता न बघताही कळतं. वर्कशीटचा फोटो असतो, थोडा तिरका, अर्ध्यावर हाताची सावली, आणि खाली आईचा निरोप : "ताई, नावं सांगता का? उद्या द्यायचंय."

नव्यानं शिकवण्या सुरू करणाऱ्यांना किंवा मुलांचा अभ्यास घ्यायला बसलेल्या आईबाबांना हे काम दोन मिनिटांचं वाटतं. फूल ओळखीचं आहे, भाग पाच-सहाच आहेत, मग अडचण कसली? अडचण फुलाची नसतेच. ती फोटोतल्या रेषेची असते. रेष कुठे टेकली आहे हे नीट न बघता आपण चित्राकडे बघून अंदाजानं नावं सांगतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. म्हणून मागच्या महिन्यात आलेलं एकच वर्कशीट घेऊन मी काय काय करते ते सविस्तर लिहिते. चित्र जास्वंदीचं होतं. आपल्याकडे फुलाच्या धड्यात बहुतेक वेळा तेच भेटतं, आणि सगळ्यांत जास्त फसवतंही तेच.

आधी फोटो पुन्हा मागवा

आलेल्या पहिल्या फोटोवर उत्तर द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. शेजारच्या इमारतीतल्या मृण्मयीच्या आईनं पाठवलेल्या फोटोत पान दिसत होतं, फूल दिसत होतं, पण नाव लिहायच्या रेषा फुलाच्या मधल्या काळपट भागात शिरून गडप होत होत्या. शाळेतून आलेला कागद बऱ्याचदा झेरॉक्सची झेरॉक्स असतो. मूळ छपाईतल्या बारीक करड्या रेषा प्रत्येक प्रतीत आणखी पुसट होतात, आणि काचेवरच्या धुळीचे ठिपके मात्र ठळक उठतात. असा ठिपका रेषेच्या टोकाजवळ पडला की तो रेषेचाच शेवट वाटतो.

म्हणून दोन फोटो मागवते. एक अख्ख्या पानाचा, कारण प्रश्न काय विचारलाय ते वाचायचं असतं. "कोणत्याही पाच भागांना नावे द्या" असं असेल तर आठासाठी डोकं फोडायचं कारण नाही. दुसरा फक्त आकृतीचा, जवळून. कागद जमिनीवर किंवा टेबलावर सपाट ठेवायचा आणि फोन त्याच्या बरोबर वर, कागदाला समांतर धरायचा. पुस्तकातलं पान असेल तर शिवणीकडचा भाग हातानं दाबून धरायचा, नाहीतर तिथे पान वळतं आणि सरळ रेष वाकडी होऊन भलत्याच भागावर गेल्यासारखी दिसते. ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर स्वतःची सावली पानावर पडते, म्हणून दिवा बाजूला येईल असं बसायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि बारीक रेषा त्यात पहिल्या मरतात. पाठवताना वर HD अशी खूण असते ती निवडायला सांगा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणखी एक. बरेच जण हौसेनं कागद स्कॅन करण्याचं अ‍ॅप वापरतात आणि काळं-पांढरं करून पाठवतात. कागद छान शुभ्र दिसतो, पण त्या सफाईत फिकट रेषाही कागदाच्या रंगाच्या समजून उडवल्या जातात. रंगीत, मूळ फोटोच हवा.

चित्र कशाचं आहे त्याआधी, कसं कापलेलं आहे

फोटो नीट आला की माझी नजर आधी रेषांवर जात नाही. आधी ठरवते की हे फूल बाहेरून दिसतंय की उभं कापलेलं दाखवलंय. जास्वंदीत या एका गोष्टीवर अर्धी उत्तरं बदलतात.

याचं कारण जास्वंदीच्या मधल्या दांड्यात आहे. फुलातून जो लांब दांडा बाहेर डोकावतो त्याला मुलं सरसकट "स्त्रीकेसर" म्हणून मोकळी होतात. प्रत्यक्षात बाहेरून दिसतो तो दांडा म्हणजे पुंकेसरांची नळी. जास्वंदीचे पुंकेसर पुष्कळ असतात आणि त्यांचे तंतू खालच्या बाजूला एकमेकांना जोडून एक पोकळ नळी तयार होते. वरच्या भागात या नळीतून बारीक तंतू बाहेर फुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पिवळा, घेवड्याच्या दाण्यासारखा वाकलेला परागकोश असतो. या नळीच्या आतून, सुईत दोरा ओवावा तसा, कुक्षीवृंत जातो. तो नळीच्या वर बाहेर पडतो, पाच फांद्यांत विभागतो आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक मखमली लाल गोंडा असतो. त्या पाच गोंड्या म्हणजे कुक्षी.

म्हणजे फूल बाहेरून दाखवलं असेल आणि रेष दांड्याच्या मध्यावर टेकली असेल, तर उत्तर पुंकेसर नलिका. तेच फूल उभं कापून दाखवलं असेल आणि रेष नळीची भिंत ओलांडून आतल्या दोऱ्यावर टेकली असेल, तर उत्तर कुक्षीवृंत. जागा तीच, उत्तर वेगळं.

कापलेलं चित्र ओळखायची खूण खाली, देठाच्या वरच्या फुगीर भागात बघा. तिथे आत कप्पा आणि त्यात मण्यांसारखे छोटे गोल दिसत असतील तर चित्र उभ्या छेदाचं आहे, कारण बीजांडं न कापता दिसूच शकत नाहीत. मृण्मयीच्या कागदावर मणी होते. म्हणजे उभा छेद, हे पक्कं झालं.

रेष नेहमी टोकाकडून वाचा

आपण रेष वाचतो ती नाव लिहायच्या बाजूनं. रिकामी जागा दिसते, तिथून बोट फिरवत आत जातो आणि पहिल्यांदा जो भाग लागतो त्याचं नाव सांगतो. हे उलटं करायचं. आकृतीत रेष जिथे संपते ते टोक शोधायचं, तो भाग ओळखायचा आणि मग बाहेर यायचं. रेष वाटेत कितीही भागांवरून जाऊ दे, मोजायचं फक्त टोक.

फोनवर फोटो मोठा करून प्रत्येक टोकावर आधी लाल टिंब देते. गॅलरीत फोटो बदलण्याची जी सोय असते तिथे पेन मिळतं, त्याची जाडी अगदी कमी ठेवायची. सगळी टिंबं देऊन होईपर्यंत एकही नाव लिहायचं नाही. मधेच नाव लिहिलं की पुढच्या रेषा त्या नावाला साजेशा दिसू लागतात.

टोक कशात संपतंय तेही बघा. साधी रेष किंवा टिंब असेल तर एका भागाचं नाव हवं असतं. महिरपी कंस असेल तर समूहाचं नाव हवं असतं. एका तंतूवर आणि त्याच्या परागकोशावर मिळून कंस असेल तर उत्तर पुंकेसर, एकट्या दाण्यावर रेष असेल तर परागकोश. सगळ्या पाकळ्यांना मिळून दलपुंज, एकीला पाकळी किंवा दल. हिरव्या पेल्याला मिळून निदलपुंज. सगळ्या पुंकेसरांना मिळून पुमंग, आणि कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय या तिघांना मिळून जायांग. मुलाला भाग बरोबर माहीत असतो आणि तरी गुण जातो, तो बहुतेक या कंसामुळे.

मृण्मयीच्या आठ रेषा

कागदावर आठ रेषा होत्या आणि वर चौकटीत नऊ शब्द दिले होते : कुक्षी, परागकोश, तंतू, पुंकेसर नलिका, कुक्षीवृंत, पाकळी, अंडाशय, बीजांड, निदल. एक शब्द जास्तीचा. हा मास्तरी डाव ओळखून ठेवा, कारण शेवटी उरला तो शब्द उरलेल्या रेषेला, ही मुलांची लाडकी युक्ती इथे चालत नाही.

पहिली रेष सगळ्यांत वर, पाच गोंड्यांपैकी एकावर टेकली होती. कुक्षी. दुसरी त्याच्या खाली, नळीच्या कडेला असलेल्या छोट्या दाण्यावर. परागकोश. मृण्मयीनं या दोन्ही उलट लिहिल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काकू, इंटरनेटवरच्या चित्रात असंच आहे." तिनं शोधलेलं चित्र जास्वंदीचं नव्हतंच. ते कुठल्याही फुलाचं नसलेलं, नमुन्याचं चित्र होतं. त्यात मधे स्त्रीकेसर उभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुटे, जरा उंच पुंकेसर, म्हणजे परागकोश वर आणि कुक्षी खाली. तिनं उंची बघून नावं उचलली. जास्वंदीत कुक्षी सगळ्यांत वर आणि परागकोश तिच्या खाली असतात. दुसऱ्या चित्रातून जागा उचलू नये, आकार उचलावा. पाच मोठ्या गोंड्या म्हणजे कुक्षी, पुष्कळ बारके दाणे म्हणजे परागकोश, हे मोजून कळतं.

तिसरी रेष दाणा आणि नळी यांच्या मधल्या केसावर होती. तंतू. तिसरी आणि दुसरी यांची टोकं फोटोत जेमतेम दोन मिलिमीटरच्या अंतरावर होती, म्हणून जवळचा फोटो मागितला ते बरं झालं.

पाचवी पाकळीवर, त्यात काही नाही. सहावी खालच्या फुगीर भागाच्या भिंतीवर आणि सातवी आतल्या मण्यावर. सहावी अंडाशय, सातवी बीजांड. इथेही टोकाचाच नियम, कारण सातवी रेष अंडाशयाची भिंत ओलांडून आत जाते.

आठवीनं मला थोडं थांबवलं. ती डावीकडून येऊन खालच्या हिरव्या भागाकडे जात होती. जास्वंदीला हिरव्या पेल्याच्या खाली बाहेरून अरुंद हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं. बाजारातल्या वर्कशीटांत ते कधी काढतात, कधी गाळतात. या चित्रात काढलेलं होतं आणि रेष एका पट्टीवरून पुढे जात होती. मुलांना त्या पट्ट्याच निदलं वाटतात. टोक मात्र पट्टी ओलांडून पेल्याच्या दातऱ्या कडेवर टेकलं होतं. निदल.

राहिली चौथी. नळीच्या मध्यावर जाणारी. चौकटीत शिल्लक शब्द दोन, पुंकेसर नलिका आणि कुक्षीवृंत. पहिल्या फोटोत टोक काळ्या सावलीत बुडालं होतं. दुसऱ्या फोटोत उजेड वाढवून, मोठं करून पाहिलं तेव्हा नळीच्या दोन भिंती दोन समांतर रेघांसारख्या दिसल्या, आणि त्यांच्या बरोबर मधे एक तिसरी बारीक रेघ. चौथी रेष उजवी भिंत ओलांडून त्या मधल्या रेघेला टेकत होती. कुक्षीवृंत. रेष भिंतीवरच थांबली असती तर नलिका. हे टोक फोटोत दिसलंच नसतं तर मी उत्तर सांगितलं नसतं. मूळ कागद खिडकीशी धरून बघायला सांगितलं असतं. अंदाजानं सांगितलेलं उत्तर मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं, ते नंतर काढायला फार त्रास होतो.

नाव लिहिताना कोणतं नाव

भाग ओळखला तरी काम संपत नाही, कारण मराठीत फुलाच्या भागांना नावांचे दोन संच आहेत. शाळेच्या पुस्तकात कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय, निदलपुंज, दलपुंज असे शब्द येतात. तुम्ही मराठीत शोधून विश्वकोशाच्या नोंदीत पोचलात तर तिथे किंजल्क, किंजल, किंजपुट, संवर्त, पुष्पमुकुट असे शब्द भेटतात. दोन्ही बरोबर आहेत आणि भागही तेच आहेत. कुक्षी म्हणजे किंजल्क, कुक्षीवृंत म्हणजे किंजल, अंडाशय म्हणजे किंजपुट. पण कागदावर एका संचातला शब्द आणि दुसऱ्यातला शब्द असं कडबोळं करू नका. मुलाच्या पुस्तकातला धडा उघडा आणि तिथला शब्द तिथल्याच शुद्धलेखनानं लिहा.

आमच्याकडे ऐरोली, घणसोली, कळवा भागात सेमी-इंग्रजीची मुलं भरपूर आहेत. त्यांचं विज्ञान इंग्रजीत असतं, पण घरी समजावणं मराठीत चालतं. अशा मुलाला आधी मराठीत भाग दाखवा, मग कागदावर इंग्रजी नाव त्याच्या पुस्तकातून त्यालाच शोधून लिहू द्या. आपण फोनवर स्पेलिंग सांगायला गेलो की हमखास एखादं अक्षर हरवतं.

लिहिताना पेन्सिल. रिकामी आकृती स्वतः काढायची असेल तर रेषा पट्टीनं, आडव्या, शक्यतो सगळी नावं उजव्या बाजूला एकाखाली एक, रेषा एकमेकींना छेदणार नाहीत अशा, आणि टोकाला बाण नको. बाणाचं टोक जागा अडवतं आणि नेमका भाग झाकतं.

पेशीचं चित्र आलं तर

पद्धत तीच, अडकायच्या जागा दोन. पहिली जागा कडेला असते. वनस्पती पेशीच्या बाहेरच्या कडेला दोन रेघा असतात, बाहेरची जाड रेघ पेशीभित्तिका आणि तिला आतून चिकटलेली बारीक रेघ प्रद्रव्यपटल. फोटोत दोन्ही मिळून एकच जाड रेघ दिसते. कडेकडे जाणाऱ्या रेषा दोन असतील तर त्यातली जी किंचित आत जाते ती पटलाची, एवढं तरी ठरवता येतं. एकच असेल तर जवळचा फोटो हवाच. प्राणी पेशीत भित्तिका नसतेच, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरी जागा तंतुकणिका आणि हरितलवक. दोन्ही लांबट गोल, दोन्हींना दुहेरी आवरण, धूसर फोटोत दोन्ही वालाच्या दाण्यासारखे. आत बघा. आतली रेघ नागमोडी घड्या घालत गेली असेल तर तंतुकणिका. आत नाण्यांच्या चळतींसारखे छोटे ढीग असतील तर हरितलवक. आतलं काहीच दिसत नसेल तर आकाराचा थोडा आधार मिळतो, हरितलवक साधारणपणे मोठं काढलेलं असतं. पण वर्कशीट काढणाऱ्यानं प्रमाण पाळलं असेलच असं नाही, म्हणून नुसत्या आकारावर मी नाव देत नाही.

सकाळचं फूल

त्या रात्री दहाला मृण्मयीच्या आईला सगळं सांगितलं आणि वर एक काम दिलं. सकाळी सोसायटीच्या कुंपणावरची जास्वंद तोडून आणा. रात्री आणून उपयोग नव्हता. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, संध्याकाळनंतर मिटायला लागलेलं, त्यात काय दिसणार? आणताना एकेरी, पाच पाकळ्यांची आणायला सांगितली. भरगच्च दुहेरी जास्वंदीत पुष्कळ पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात, नळी धड सापडत नाही. ठाण्यात राहणाऱ्यांना कुंपण नसेल तर जांभळी नाक्याच्या फूलबाजारात गणपतीसाठी लाल जास्वंद मिळते, पण ती बऱ्याचदा कळी असते. ती उमललेलीच मागा.

फूल कापणं मोठ्यांचं काम, नव्या ब्लेडनं. सुरुवात देठाकडून करायची, वरून नाही. आधी फुगीर अंडाशयाचे बरोबर मधोमध दोन भाग करायचे आणि मग ब्लेड नळीच्या दिशेनं सरळ वर न्यायचं. वरून सुरुवात केली तर ब्लेड नळीवरून घसरतं, दोरा एका बाजूला राहतो आणि रिकामी नळीच कापली जाते. पाकळ्या आधी ओढून काढू नका. त्यांच्या बुडाशी नळी चिकटलेली असते, ओढलं की ती फाटून सोबत येते. हाताला बुळबुळीत चीक लागेल, तो लागतोच. एक दुसरं फूल असेल तर अंडाशय आडवं कापा, आत पाच कप्पे मोजता येतात. वर गोंड्या पाच, खाली कप्पे पाच.

एवढं मात्र लक्षात असू द्या की खरं फूल आत काय आहे ते सांगतं, कागदावरची रेष कुठे टेकली ते सांगत नाही. मृण्मयीला चौथ्या रेषेचं उत्तर फोटोतूनच मिळालं होतं. फुलातून तिला एवढंच बघायचं होतं की नळीत खरंच दोरा असतो का.

सकाळी पावणेसातला फोटो आला. वर्तमानपत्रावर उभी कापलेली जास्वंद, नळी टाचणीनं उघडलेली, आत गुलाबीसर दोरा, आणि टाचणीचं टोक बरोबर त्याच्यावर. शेजारी वर्कशीट. आठही जागा पेन्सिलीनं भरलेल्या, वरच्या दोन खोडून पुन्हा लिहिलेल्या, आणि चौकटीतल्या पुंकेसर नलिकेवर एक बारीक काट. काटेखाली तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : फुलात आहे, रेष नाही.